सगळीकडे रेषाच रेषा

«आमच्या शाळेत दहावीत एक मुलगी आहे. जन्मापासून पूर्ण अंध. सातवीपर्यंत ती अंधशाळेत होती, ब्रेल छान वाचते, गणितातही बरी आहे. भिंगांच्या धड्यातली किरणाकृती मी पुस्तकातून ट्रेस केली, रेषांवर फेविकॉल ओढला आणि वाळवून तिच्या हातात दिली. ती दहा मिनिटे बोटे फिरवत राहिली आणि म्हणाली, ‘बाई, सगळीकडे रेषाच रेषा आहेत.’ मुख्याध्यापकांचे म्हणणे, आकृत्या सोडून द्या, तोंडी समजावा. मला तसे करायचे नाही. माझे कुठे चुकले?»
— एक विज्ञान शिक्षिका, बीड जिल्हा

नमस्कार बाई,

तिने तुम्हाला नेमके उत्तर दिले आहे. तिच्या बोटांना खरोखरच रेषांशिवाय काही लागले नाही. चूक फेविकॉलची थोडी आणि ट्रेसिंगची जास्त आहे. पुस्तकातली आकृती डोळ्यांसाठी काढलेली असते. डोळा ती एका नजरेत पाहतो, मग तुकड्यांकडे वळतो. बोटाचे उलटे असते. त्याला आधी तुकडे मिळतात आणि त्यांची जुळणी डोक्यात करावी लागते. त्यातही दोन रेषा एकमेकींपासून साधारण ३ मिमीपेक्षा जवळ आल्या की बोटाला त्या एकच वाटतात. ब्रेलच्या एका अक्षरातले शेजारचे ठिपके सुमारे २.५ मिमीवर असतात. ते वेगळे कळतात, कारण ते सुटे ठिपके आहेत आणि त्यांची मांडणी पाठ झालेली असते. तिरक्या धावणाऱ्या दोन सलग रेषांना तो फायदा मिळत नाही.

आता किरणाकृतीत काय होते ते पाहा. वस्तूच्या टोकातून दोन किरण निघतात, म्हणजे सुरुवातीलाच ते चिकटलेले असतात. भिंगाच्या मध्याशी एक किरण, मुख्य अक्ष आणि भिंग अशा तिघांची गर्दी होते. नाभीशी दुसरा किरण अक्षाला छेदतो. प्रतिमेच्या टोकाशी दोन्ही किरण पुन्हा एकत्र येतात. आणि आकृती लहान केली तरी या गोंधळाच्या जागा लहान होत नाहीत. रेषांमधला कोन तोच राहतो, त्यामुळे ३ मिमीच्या आतला पट्टा तेवढ्याच लांबीचा राहतो आणि मोकळी जागा मात्र आक्रसते. पुस्तकातल्या छोट्या आकृतीत बोटाला वाचण्यासारखे फारसे उरत नाही, ते याच कारणाने. म्हणून पुस्तकावरून ट्रेस करणे सोडून द्या आणि आकृती मापे घेऊन नव्याने मांडा.

त्याआधी एक काम करा. तिला भिंग म्हणजे काय ते हातात द्या. बहिर्गोल भिंगाची आकृतीतली खूण म्हणजे त्याचा उभा छेद, आणि छेद ही कल्पना पाहून कळते, सांगून कळत नाही. अख्ख्या मसुरीचा एक दाणा तिच्या चिमटीत द्या. मध्ये जाड, कडेला पातळ. लेन्स हा शब्दच मसुरीच्या लॅटिन नावावरून आला आहे, तेव्हा हे उदाहरण ओढून आणलेले नाही. मग कणकेचा तसाच तळहाताएवढा आकार करा, सुरीने मधोमध उभा कापा आणि कापलेल्या बाजूवरून तिचे बोट फिरवा. त्यानंतर खरे भिंग, म्हणजे साधे हातातले बहिर्गोल भिंग, द्या. या तीन वस्तू हाताखालून गेल्या की कागदावरची उभी पट्टी कशाची खूण आहे हे तिला परत सांगावे लागणार नाही.

आता आकृती. वस्तू F1 आणि 2F1 यांच्या मध्ये असतानाची स्थिती घेऊ. जाड ड्रॉइंगचा कागद आडवा धरा, ए-फोर आकाराचा म्हणजे २९.७ बाय २१ सेंमी. नाभीय अंतर ५ सेंमी घ्या, वस्तू भिंगापासून ७.५ सेंमीवर, वस्तूची उंची ३ सेंमी. मग प्रतिमा भिंगापलीकडे १५ सेंमीवर येते, उलटी आणि ६ सेंमी उंच. हे आकडे मुद्दाम निवडले आहेत, कारण सगळे कागदावर बसते आणि हिशेबही सोपा राहतो. प्रकाशीय केंद्र O डाव्या कडेपासून ११.५ सेंमीवर आणि वरच्या कडेपासून ९ सेंमीवर ठेवा. तेव्हा 2F1 डाव्या कडेपासून १.५ सेंमीवर, वस्तू ४ वर, F1 ६.५ वर, F2 १६.५ वर, 2F2 २१.५ वर आणि प्रतिमा २६.५ सेंमीवर येते.

सगळे एका कागदावर देऊ नका. चार कागद करा आणि O चारही कागदांवर त्याच जागी ठेवा. पहिल्यावर फक्त अक्ष, भिंग आणि नाभींच्या खुणा. दुसऱ्यावर त्यात वस्तू आणि अक्षाला समांतर जाणारा किरण, जो भिंगानंतर वळून F2 मधून जातो. तिसऱ्यावर वस्तू आणि O मधून न वळता जाणारा किरण, पहिला किरण वगळून. चौथ्यावर दोन्ही किरण आणि प्रतिमा. पहिले तीन नीट वाचता आले तर चौथा कागद तिला ओळखीचा वाटेल. प्रत्येक कागदाचा वरचा उजवा कोपरा तिरका कापा. कागद सुलटा आहे हे तिला हात लावताच कळले पाहिजे, तुम्हाला विचारावे लागता कामा नये.

रेषा एकाच जातीच्या असल्या तर पुन्हा रेषाच रेषा होतील. म्हणून प्रत्येक गोष्टीचा स्पर्श वेगळा करा. अक्षासाठी शिंप्याचे दातेरी ट्रेसिंग व्हील वापरा. कागद सायकलच्या जुन्या ट्यूबच्या सपाट तुकड्यावर उलटा ठेवायचा आणि चाक मागून फिरवायचे, म्हणजे पुढे बारीक ठिपक्यांची ओळ उठते. मागून काम करताना डावे-उजवे उलटते हे लक्षात ठेवा. पुढून डावीकडून ११.५ सेंमी म्हणजे मागून उजवीकडून ११.५. चाकाने काढलेल्या आकृतीत वस्तू आणि प्रतिमा यांच्या बाजू बदलण्याची चूक हमखास इथेच होते, आणि डोळस माणसाला ती खटकत नाही, कारण तो काम संपेपर्यंत मागूनच पाहत असतो. किरणांसाठी जाडसर सुती दोरा घ्या. भिंगासाठी ४ मिमी रुंद आणि ८ सेंमी लांब पुठ्ठ्याची पट्टी, अक्षाच्या वर ४ आणि खाली ४ सेंमी. वस्तू आणि प्रतिमेसाठी लोकर, टोकाला पुठ्ठ्याचा छोटा त्रिकोण. रेषांसाठी चार स्पर्श पुरे झाले. पाचवा आणलात तर तो कशाचा हे तिला आठवावे लागेल आणि तेवढे लक्ष किरणावरून उडेल.

नुसता फेविकॉल का चालला नाही? त्यातले पाणी उडून गेले की रेष बसते. ओला असताना चांगला वाटणारा उठाव दुसऱ्या दिवशी कागदाच्या जवळपास पातळीला येतो, मध्येच जाड, मध्येच पातळ. बोटाला ते जाडपण म्हणजे एखादी खूणच वाटते. म्हणून फेविकॉल फक्त चिकटवण्यासाठी वापरा, उठाव दोऱ्याचा येऊ द्या. पेन्सिलीच्या रेषेवर फेविकॉलची बारीक ओळ, तिच्यावर ताणून धरलेला दोरा, आणि रात्रभर वजनाखाली न ठेवता मोकळा वाळवा. वजन ठेवलेत तर दोरा चपटा होतो.

जिथे रेषा गोंधळतात तिथे रेष तोडायची, आणि तुटलेली असली तरी तिला सांगायचे की ती पुढे चालू आहे. O च्या दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण सेंमी अक्ष काढू नका, कारण तेवढ्या भागात O मधून जाणारा किरण अक्षापासून ३ मिमीच्या आत असतो. पुठ्ठ्याची पट्टीही O जवळ ६ मिमी तुटलेली ठेवा म्हणजे दोरा त्या फटीतून जाईल. F2 च्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा सेंमी अक्ष सोडा आणि मध्ये कापडावर नक्षी काढायच्या थ्रीडी आउटलायनरचा एकच ठसठशीत ठिपका द्या. प्रतिमेच्या टोकाशी मात्र किरण तोडू नका. तिथे ते शेवटचे दीड सेंमी बोटाला एकच लागतात, आणि ते खरेच एकत्र येत आहेत. पण तिथेच थांबवलेत तर किरण भेटले की संपले हे कळत नाही. दोन्ही दोरे प्रतिमेपलीकडे आणखी २ सेंमी ओढा. तिथे ते पुन्हा ४ मिमीने वेगळे होतात आणि बोटाला दोन फाटे सापडतात, म्हणजे मधली जागा ही छेदनाची होती हे तिचे तिला कळते.

नावे ब्रेलमध्ये पाटी-स्टायलसने वेगळ्या कागदावर लिहून, कापून चिकटवा. चिकटवताना ठिपक्यांवर दाब देऊ नका. एक ब्रेल अक्षर साधारण ६ मिमी जागा घेते, म्हणून ती रेषेवर न ठेवता ५ मिमी दूर ठेवा. आपल्या आकृतीत F2, 2F2 यांची नावे अक्षाच्या वर आणि F1, 2F1, O यांची खाली डावीकडे लावा. कारण उजवीकडे दोन्ही किरण शेवटी अक्षाखाली असतात आणि डावीकडे ते अक्षाच्या वर. हा नियम तिला एकदा सांगितलात की नावे शोधायला तिला आकृतीभर फिरावे लागणार नाही.

नावांबाबत अजून एक गोष्ट, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. मराठी ब्रेल म्हणजे भारतीय भाषांसाठीची भारती ब्रेल आहे आणि तिची बरीचशी अक्षरे इंग्रजी ब्रेलच्याच ठिपक्यांवर बेतलेली आहेत. त्यामुळे आकृतीवरचे O तिला ‘ओ’ वाचता येते, A ‘अ’, B ‘ब’, P ‘प’, आणि C ‘च’. त्रिकोण ABC तिच्या बोटाखाली ‘अ ब च’ असतो. इंग्रजी मोठ्या अक्षरापुढे येणारा सहावा ठिपका भारती ब्रेलमध्ये विसर्गाचा आहे. शब्दाच्या सुरुवातीला विसर्ग नसतो, म्हणून सवय झाली की घोटाळा होत नाही, पण पहिल्या दिवशी ती दचकेल. म्हणून पहिल्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात एकच ओळ द्या की इथली नावे इंग्रजी अक्षरांत आहेत. अंकांच्या खुणेचेही तसेच आहे. तिचे ठिपके ३, ४, ५, ६, आणि मराठी ‘ण’चेही तेच. दोन-तीन वेळा अडली तर हे आठवा. तिच्या वाचनात दोष आहे असे समजू नका.

आता हातात कागद कसा द्यायचा. ‘बघ, काय आहे’ असे म्हणून देऊ नका. आधी तोंडी दोन वाक्ये सांगा: कागद आडवा आहे, मधोमध डावी-उजवी ठिपक्यांची ओळ आहे, तिच्यावर उभी पुठ्ठ्याची पट्टी आहे. मग दोन्ही तळवे कागदाच्या चारही कडांवरून फिरवून तिला जागेचा अंदाज घेऊ द्या. त्यानंतर डाव्या हाताचे एक बोट O वर स्थिर ठेवायला सांगा आणि उजव्या हाताने अक्षावरून जायला सांगा. हे स्थिर बोट फार महत्त्वाचे आहे. दोन्ही हात कागदावरून उचलले गेले की आकृती पुन्हा पहिल्यापासून शोधावी लागते. वस्तूपासून सुरू होणारा किरण तिला एका दमात शेवटपर्यंत जाऊ द्या, मध्ये तिचा हात धरून ओढू नका. धरायचाच असेल तर तुमचा हात तिच्या हाताखाली ठेवा आणि तिला तुमच्या बोटावर बोट ठेवून येऊ द्या. दुसऱ्या कागदाला पहिल्या खेपेस दहा-पंधरा मिनिटे लागतील. म्हणून कागद वर्गात किरण शिकवायच्या आदल्या दिवशीच तिला द्या. वर्गात तुम्ही फळ्यावर ‘हा असा, असा’ म्हणत असताना तिला तो नव्याने शोधायला लागला तर ती मागे पडणारच.

कुठे अडतेय ते बोटांवरून कळते. बोट एकाच जागी पुढे-मागे घासत असेल तर तिथे दोन रेषा चिकटल्या आहेत, अजून जागा मोकळी करा. दोन्ही हात एकदम उचलले जात असतील तर स्थिर बोट सुटले आहे. आकृती छान सांगितली, पण ‘वस्तू कुठे आहे’ याचे उत्तर बोट न लावता दिले, तर ती तुमचे वाक्य पाठ म्हणत आहे. ही शेवटची गोष्ट ओळखणे अवघड जाते. त्यासाठी पाचवा कागद वेगळ्या मापाचा करा: वस्तू 2F1 वर, म्हणजे १० सेंमीवर, उंची ३ सेंमीच. प्रतिमा 2F2 वर ३ सेंमी उंच येते. या कागदासाठी O डावीकडून १४ सेंमीवर घ्या. तुम्ही काही न सांगता तिने प्रतिमा आणि वस्तू भिंगापासून सारख्याच अंतरावर आणि सारख्याच उंचीच्या आहेत हे शोधले, तर तिला किरणाकृती वाचता येते. तुम्ही स्वतः डोळे मिटून केलेली तपासणी यासाठी उपयोगी नाही. तुमच्या डोक्यात चित्र आधीच आहे. ज्याने कागद पाहिलेला नाही अशा सहकाऱ्याचे डोळे बांधून आधी तपासा, चिकटलेल्या बऱ्याच रेषा त्यातून सापडतील.

आकृती वाचता आली की तिला मोजू द्या. प्लॅस्टिकच्या पट्टीवर दर सेंमीला कानशीने खाच पाडा, दर ५ सेंमीला दोन खाचा. ती O पासून प्रतिमेपर्यंत मोजेल आणि १४.८ किंवा १५.२ सांगेल. दोन-तीन मिमी इकडेतिकडे होणारच, तेवढे दोऱ्याच्या जाडीतच जाते. मग सूत्र: 1/v − 1/u = 1/f. चिन्हसंकेतानुसार u = −7.5 आणि f = 5. म्हणजे 1/v = 1/5 − 1/7.5 = 1/15, आणि v = 15. तिने बोटाने मोजलेले आणि खुंट्या खोचून आकडेमोड करायच्या टेलर फ्रेमवर किंवा ब्रेलमध्ये सोडवलेले एकच निघाले, हे तिच्या बाबतीत आवर्जून घडू द्या.

सूत्र सांगताना जपा. ‘एक भागिले व्ही वजा एक भागिले यू’ असे घाईने म्हटले तर ‘व्ही वजा एक’ हाच छेद आहे की काय अशी शंका येते. डोळस मुले फळ्याकडे पाहून ती मिटवतात, तिला ती सोय नाही. म्हणून ‘अपूर्णांक सुरू, अंश एक, छेद व्ही, अपूर्णांक संपला, वजा’ असे म्हणा. ब्रेलमध्ये गणित लिहिण्याच्या नेमेथ संकेतातही अपूर्णांक वर-खाली न लिहिता ओळीत, सुरू आणि शेवट यांच्या खुणांसह लिहितात, त्यामुळे तुमचे बोलणे आणि तिचे लेखन जुळेल. अंधशाळेत तिला कोणता गणित संकेत शिकवला आहे हे आधी विचारा आणि तोच चालू ठेवा.

आभासी प्रतिमेची आकृती यानंतर घ्या, त्याच दिवशी नको. वस्तू भिंगापासून ३ सेंमीवर, f पाचच. प्रतिमा त्याच बाजूला ७.५ सेंमीवर, अडीच पट उंच येते. इथे किरण मागे वाढवावे लागतात आणि हे वाढवलेले किरण खरे नाहीत. पुस्तकात ते तुटक रेषेने दाखवतात. तुम्ही ते चाकाने मागून उठवा म्हणजे दोरा म्हणजे खरा किरण आणि ठिपके म्हणजे मनाने वाढवलेला, हा भेद बोटाला आपोआप लागतो. पण मग अक्षही ठिपक्यांचाच असून चालणार नाही, या कागदावर अक्षासाठी बारीक शिवणदोरा वापरा, आणि तसे तिला आधी सांगा. वस्तूची उंची २ सेंमी ठेवा, म्हणजे ५ सेंमीची प्रतिमा कागदावर मावेल. भिंगाची पट्टी अक्षाच्या वर निदान ४ सेंमी हवीच, नाहीतर समांतर किरण आणि पट्टीचे टोक यांत गल्लत होते.

शेवटी तिला स्वतः काढू द्या. अंध मुलांसाठी मिळणाऱ्या भूमिती संचात रबरी पाटी आणि पातळ प्लॅस्टिकचा कागद असतो. त्यावर बॉलपेनने दाबून रेष ओढली की ती त्याच बाजूला उठते, म्हणजे उलटवण्याची भानगड नाही. संच नसेल तर ट्यूबच्या तुकड्यावर कोणताही पातळ, न फाटणारा प्लॅस्टिकचा कागद ताणून पाहा. काही प्रकारांवर रेष उठते, काहींवर नुसता ओरखडा येतो, तेव्हा खरेदीआधी तपासा. खाचांची पट्टी धरून ती वस्तूच्या टोकातून O कडे रेष ओढेल, ती वाकडी येईल, पण प्रतिमा कुठे पडते हे तिने आधी सांगावे आणि मग काढावे.

तयार आकृत्या हव्या असतील तर आयआयटी दिल्लीत स्पर्श-आकृत्यांवर काम करणारे केंद्र आहे, आणि देहरादूनच्या राष्ट्रीय दृष्टिदिव्यांग सशक्तीकरण संस्थेत ब्रेल मुद्रणालय आहे. तुमच्या गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांकडे आधी विचारा, बऱ्याचदा ब्रेल पाटी आणि भूमिती संच तिथूनच मिळतो. मात्र तयार आकृती कोणाच्याही हातची असो, ती तिच्या हाती देण्याआधी ३ मिमीची कसोटी लावा. पट्टी घेऊन जवळच्या दोन रेषांमधले अंतर मोजा, दोन मिनिटांचे काम आहे.

मुख्याध्यापकांना काय सांगायचे? गणित-विज्ञानाऐवजी सोपे पर्याय घेण्याची सवलत दिव्यांग मुलांना मिळते, आणि ज्याला खरेच गरज आहे त्याने ती घ्यावी. पण ती घेण्याआधी अकरावीला विज्ञान शाखा मिळेल का, हे मंडळाच्या विभागीय कार्यालयातून लेखी विचारून घ्या आणि ते उत्तर तिच्या आईवडिलांसमोर ठेवा. लेखनिक, आणि तासाला वाढीव वीस मिनिटे या सोयी मिळवण्यासाठी अर्ज वेळेत जाणे जास्त निकडीचे आहे. लेखनिकाला किरणाकृतीची भाषा कळत नसेल तर तिचे उत्तर कागदावर चुकीचे उतरेल. म्हणून परीक्षेआधी लेखनिक होणाऱ्या मुलाला सरावात बसवा आणि तिने ‘समांतर किरण भिंगाला लागला, मग F2 मधून खाली’ असे सांगताना त्याला काय लिहायचे-काढायचे हे दोघांना मिळून ठरवू द्या.